अचूक भाषांतर आणि समान काठिण्य: एकच प्रश्न दोन भाषांत काढताना

शिष्यवृत्तीसारख्या परीक्षांत किंवा सेमी-इंग्रजी वर्गात विज्ञानाचा एकच बहुपर्यायी प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत द्यावा लागतो. भाषांतर झाले की दुसरे शिक्षक ते उलट फिरवून मूळ प्रश्नाशी ताडून पाहतात आणि अर्थ जुळला की प्रश्न छापायला जातो. या तपासणीत भाषांतर अचूक आहे एवढेच कळते. दोन्हीकडची मुले सारख्याच अडचणीतून उत्तरापर्यंत पोहोचतात का, हे तिच्यातून कळत नाही.

हा प्रश्न पाहा. ‘पानांवरील पर्णरंध्रांतून पाणी बाष्पाच्या रूपात बाहेर पडते. या क्रियेला काय म्हणतात?’ पर्याय आहेत बाष्पीभवन, बाष्पोत्सर्जन, श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण. इंग्रजीत हेच पर्याय अनुक्रमे इव्हॅपोरेशन, ट्रान्स्पिरेशन, रेस्पिरेशन आणि फोटोसिंथेसिस होतात. पाठ्यपुस्तकातल्या याच संज्ञा आहेत, भाषांतरात खोट काढायला जागा नाही.

आता धडा नीट न वाचलेला मुलगा काय करेल ते पाहू. मराठीत प्रश्नातले ‘बाष्प’ दोन पर्यायांत दिसते, म्हणून उरलेले दोन तो लगेच सोडून देतो. राहिलेल्या दोहोंपैकी एकात ‘उत्सर्जन’ आहे आणि प्रश्नात ‘बाहेर पडते’ आहे. धडा न वाचताही तो बरोबर उत्तरापाशी येतो. इंग्रजीत मात्र प्रश्नातले ‘व्हेपर’ फक्त इव्हॅपोरेशनमध्ये ऐकू येते, म्हणजे प्रश्नच त्याला चुकीच्या पर्यायाकडे ढकलतो. शिवाय ट्रान्स्पिरेशन आणि रेस्पिरेशन कानाला इतके जवळचे आहेत की अर्धवट पाठ असलेले मूल त्यांतच गोंधळते. मराठीत श्वसन आणि बाष्पोत्सर्जन यांची अशी गल्लत होणे कठीण. उत्तर एकच, पण एका भाषेत शब्द वाट दाखवतो, दुसऱ्या भाषेत चकवतो. दोन्ही भाषा शेजारी छापल्या असतील तर इंग्रजी वाचणारे मूलही मराठीतला इशारा उचलते, ते वेगळेच.

प्रश्न मुलाला काय येते ते विचारण्यासाठी असतो. म्हणून मी इथे संज्ञाच काढून टाकेन. ‘कुंडीतल्या रोपाच्या पानांसकट एका फांदीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून रोप उन्हात ठेवले. काही तासांनी पिशवीच्या आत पाण्याचे थेंब दिसले. हे पाणी मुख्यतः कुठून आले?’ पर्याय: पानांवरील पर्णरंध्रांतून, कुंडीतल्या मातीतून थेट, पिशवीबाहेरच्या हवेतून, खोडाच्या सालीतून. प्रश्नातले शब्द इथे बरोबर आणि चुकीच्या दोन्ही पर्यायांत येतात, म्हणून नुसत्या शब्दावरून उत्तर उघडे पडत नाही. चुकीचे पर्यायही मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून आले आहेत, आणि ते गैरसमज दोन्ही माध्यमांत सारखेच असतात.

व्याकरणातूनही उत्तर फुटते. ‘हृदय हा एक ___ आहे’ असे लिहून अवयव, ऊती, पेशी, संस्था हे पर्याय दिले, तर ‘हा’शी जुळणारा पुल्लिंगी शब्द एकटा अवयव. इंग्रजीत ‘अॅन’ लिहिले की ऑर्गन तसाच उघडा पडतो. एका भाषेतली गळती बंद करून दुसरीकडची राहून गेली, तर दोन्ही आवृत्त्या पुन्हा असमान होतात. ‘हृदय हे पुढीलपैकी काय आहे?’ असे विचारले की लिंगाचा प्रश्नच उरत नाही, कारण हृदय स्वतः नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीतही सरळ प्रश्नार्थक वाक्य घ्यावे.

असमानता ओळखायची कशी? मराठी माध्यमाच्या किती मुलांना जमले आणि इंग्रजीच्या किती, एवढे ताडून चालत नाही, कारण दोन गटांची तयारीच वेगळी असू शकते. एकूण गुण जवळपास सारखे असलेली मुले घ्यावीत, समजा 30 पैकी 18 ते 22 गुणांची, आणि त्यांच्यातच या एका प्रश्नावर कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते मोजावे. मग इतर गुणगटांतही तेच पाहावे. सगळीकडे मराठी गट या प्रश्नावर पुढे असेल, आणि इंग्रजी गटाची चुकीची उत्तरे इव्हॅपोरेशनवरच गोळा झाली असतील, तर दोष पर्यायात शोधावा. एका वर्गात मुले थोडी असल्याने असे आकडे योगायोगाने हलतात. तिथे काही मुलांना जवळ बसवून ‘हा पर्याय का सोडलास?’ एवढे विचारले तरी शब्दाने इशारा दिला की समजुतीने, ते स्पष्ट होते.

काही वेळा संज्ञाच तपासायची असते, तेव्हा ती काढून टाकता येत नाही. मराठीतली शास्त्रीय संज्ञा पुष्कळदा स्वतःचा अर्थ सांगत येते, लॅटिन-ग्रीकमधून आलेली इंग्रजी संज्ञा शाळकरी मुलाला तसे काही सांगत नाही. असा प्रश्न जरूर विचारावा, पण त्यावरच्या गुणांवरून दोन माध्यमांची तुलना करू नये.