पीटीच्या तासाला बसून राहणाऱ्या मुली (शालेय खेळ)

सहावीपर्यंत मैदानावर मुलांच्या बरोबरीने पळणाऱ्या मुली आठवी-नववीत पीटीच्या तासाला पायऱ्यांवर बसायला लागतात, आणि त्या बसू नयेत म्हणून शाळेने खेळ निवडायची मुभा, कपड्यांत सवलत आणि वर्गातलं वातावरण या तीन गोष्टींत जे बदल करायचे त्याबद्दलची ही नोंद. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलामुलींचा अभ्यास छापला, त्यात दिवसाला ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल न करणाऱ्या मुली ८५ टक्के निघाल्या आणि मुलगे ७८ टक्के. म्हणजे मुलगेही काही फार पळत नाहीत, पण मुली त्यांच्याही मागे.

मुंबईत याला जागेची अडचण चिकटते. बऱ्याच शाळांना स्वतःचं मैदान नाही, असलं तर दोन शिफ्टमध्ये वाटलेलं, तास ३०-३५ मिनिटांचा, आणि जून ते सप्टेंबर पावसामुळे सगळं हॉलमध्ये नाहीतर व्हरांड्यात. त्यामुळे तासाला एकच खेळ, एकच बॉल आणि बाकीच्या बघणाऱ्या, असं होऊन जातं. यात बसलेल्या मुलीला आळशी म्हणणं सोपं असतं.

उदाहरण म्हणून एक वर्ग घेऊ. आठवी ब, मुली २६, पीटी शुक्रवारी, युनिफॉर्म पांढरा टी-शर्ट, पांढरी पॅन्ट आणि पांढरे कॅनव्हास. बाईंनी आठ शुक्रवार वहीत नुसती नोंद ठेवली, की कोण बसलं आणि काय कारण सांगितलं. दर वेळी सात ते दहा जणी बसलेल्या आणि कारण जवळजवळ एकच, पोटात दुखतंय. पण नावं लावून बघितली तर तीन वेगळे गट दिसले. दर वेळी चार-पाच मुली फिरत्या होत्या, म्हणजे या शुक्रवारी ही तर पुढच्या शुक्रवारी ती, आणि महिन्याच्या अंतराने तीच नावं परत. तीन जणी मात्र दर वेळी त्याच, आणि त्या डॉजबॉल असला की हमखास बसायच्या. राहिलेल्या दोघी मुलांचा वर्ग मैदानाला लागून असला की बसायच्या, एरवी खेळायच्या. वहीतल्या या तीन रांगा बघितल्याशिवाय उपाय करायला गेलं तर काहीतरी भलतंच केलं जातं, उदा. सगळ्यांना बक्षिसाचं आमिष, ज्याचा पहिल्या गटाला शून्य उपयोग.

पहिल्या गटाचा प्रश्न पांढऱ्या पॅन्टचा. पाळीत डाग पडेल ही भीती असली की मुलगी उडी मारत नाही, वाकत नाही, शेवटी बसतेच. मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही, विम्बल्डनने २०२३ पासून महिला खेळाडूंना पांढऱ्या स्कर्टच्या आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायला परवानगी दिली ती याचसाठी. शाळेला यात फार खर्च नाही, गडद निळी किंवा काळी ट्रॅकपॅन्ट चालेल असं सर्क्युलर काढायचं, टी-शर्ट शाळेचाच पण एक साइज ढगळ घेतला तरी ओरडायचं नाही, स्कर्टखाली लेगिंग चालेल, सलवार चालेल, आणि ज्या मुलीला डोकं झाकायचंय तिने स्कार्फ पिन न लावता आत खोचावा, कारण पळताना पिन टोचते. नवीन ट्रॅकपॅन्ट सक्तीची केली तर मात्र पालकांच्या खिशाला नवा भुर्दंड, म्हणून 'चालेल' हा शब्द महत्त्वाचा. कपडे बदलायला ३५ मिनिटांतली दहा मिनिटं जात असतील आणि टॉयलेटला धड कडी नसेल, तर त्या दिवशी घरूनच पीटीच्या ड्रेसमध्ये येऊ द्यावं. ब्रा हा विषय तर आपल्याकडे कुणी काढतच नाही. इंग्लंडमधल्या मुलींच्या एका पाहणीत जवळजवळ निम्म्या मुलींनी छातीच्या अडचणीचा शाळेतल्या खेळावर परिणाम होतो असं सांगितलं होतं, म्हणून आईंच्या मीटिंगमध्ये बाईंनी दोन मिनिटं यावर सरळ बोललेलं बरं. पॅड कुठे मिळेल हेही आधीच सांगून ठेवायचं.

पाळीत खेळायचं नाही असं काही नाही, पण जोरात दुखत असेल तर जबरदस्तीही नको. बाईंनी तीन पायऱ्या ठेवल्या, पूर्ण खेळ, हळू खेळ आणि स्कोअर लिहिणं, आणि कारण विचारायचं नाही. खोच एकच, एकच मुलगी सलग तीन आठवडे स्कोअरची वही धरून बसली की तिला बाजूला घेऊन विचारायचं, आणि दर महिन्याला दुखून शाळाच बुडत असेल तर घरी सांगून डॉक्टरकडे पाठवायचं.

दुसरा गट खेळाचा. डॉजबॉलमध्ये ज्या मुलीला सरावाची सगळ्यात जास्त गरज ती सगळ्यात आधी आउट होते आणि उरलेला वेळ बसून असते, लंगडीतही तसंच. आउट झाली की अर्ध्या मिनिटाने परत आत, एवढा नियम बदलला तरी फरक पडतो. खो-खोत एकदम पूर्ण मैदान न घेता पाटीवर कमी मुली आणि अंतर थोडं, म्हणजे दम लागून कुणाचं हसं होत नाही. निवड द्यायची तर हात वर करून नाही, चिठ्ठीने, कारण हात वर करताना मैत्रिणीकडे बघूनच वर जातो. आणि काय पाहिजे असं मोकळं विचारलं तर सगळ्या बॅडमिंटन लिहितात, मग एका कोर्टवर चौघी आणि २२ जणी वाट बघत! म्हणून शाळेत खरंच जमतील असे चार-पाच खेळ आधी लिहायचे, थ्रोबॉल, रिंग, खो-खो, दोरीउड्या, लेझीम, जिथे शिकवणारं कुणी आहे तिथे दोरीचा मल्लखांब, आणि एका वेळी दोन खेळ शेजारी शेजारी चालवायचे. दर चार आठवड्यांनी परत चिठ्ठी. लेझीमला नाकं मुरडली जातात पण पावसात हॉलमध्ये २६ जणी एकदम हलतात असं दुसरं काय आहे सांगा.

तिसरा गट बघणाऱ्यांचा. मैदानाची बाजू बदलली, मुलांना गॅलरीत उभं राहू दिलं नाही, तर निम्मं काम होतं. उरलेलं वर्गाच्या बोलण्यात असतं. दोन कॅप्टननी एकेक नाव घेऊन टीम निवडायची पद्धत तर आधी बंद करावी, शेवटी उरलेल्या मुलीला आपली किंमत सगळ्यांसमोर कळते, त्यापेक्षा पट्ट्यांचे चार रंग वाटले की काम झालं. उंची-वजन घ्यायचं तर एकेकीला आत बोलवून, आकडा मोठ्याने वाचून नाही. 'मुलींसारखी काय फेकतेस' हे सरांच्या तोंडून गेलं की वर्गात ते वर्षभर फिरतं. दिवसाचा स्कोअर स्वतःच्या मागच्या आठवड्याशी लावला, म्हणजे १ मिनिटात दोरीउड्या किती झाल्या आणि आज किती, तर कच्च्या मुलीलाही बघायला काहीतरी असतं.

जमतंय की नाही हे बघायला पहिलीच वही पुरते. पट्ट्या वाटून सगळ्या उभ्या दिसल्या म्हणून खुश व्हायचं नाही, १० मिनिटं घड्याळ लावून एका मुलीवर नजर ठेवायची आणि त्यातली किती मिनिटं ती खरंच हलते ते लिहायचं, लाइनीत उभी राहणं धरायचं नाही. आणि आठवीत सगळं नीट बसवलं तरी दहावीत जानेवारी उजाडला की पीटीचा तास गणिताच्या सरांकडे जातो, तेव्हा टाइमटेबल करणाऱ्यांशी आधीच बोलून निदान आठवड्याला एक तास लिहून घ्यावा.