प्रिस्क्रिप्शनची टंकलिखित प्रत: चौकोनी कंसातलं प्रश्नचिन्ह का येतं?

विम्याच्या क्लेमसाठी किंवा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला आपण हाती लिहिलेली चिठ्ठी आमच्याकडे टाइप करायला देता. प्रत हातात पडली की बरेच जण विचारतात, "इथे [?] का टाकलंय? औषध तर कळतंय ना!"

एक नमुना बघा. चिठ्ठीत गोळीचं नाव "फोल"पर्यंत वाचता येतं, पुढे नुसता फराटा. मग 5 मिग्रॅ, आणि शेवटी "ओ"ला चिकटलेलं एक अक्षर. हे फोल्व्हाइट असू शकतं, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. किंवा फोलिट्रॅक्स, म्हणजे मेथोट्रेक्सेट. आकड्यावरून निकाल लागत नाही, कारण 5 मिलिग्रॅमची गोळी दोन्हींत मिळते. आजारावरूनही नाही, कारण संधिवाताच्या रुग्णाला ही दोन्ही औषधं बहुधा जोडीनेच दिली जातात. शेवटचं अक्षर "डी" असेल तर रोज एकदा, "डब्ल्यू" असेल तर आठवड्यातून एकदा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जीवावरही बेतू शकतं.

म्हणून आम्ही असं टाइप करतो:

गोळी फोल[?] 5 मिग्रॅ, ओ[?]

खाली तळटीप: नाव फोल्व्हाइट किंवा फोलिट्रॅक्स, वेळ ओडी किंवा ओडब्ल्यू. यातलं जास्त संभवनीय कोणतं, हे आम्ही लिहीत नाही. नीटनेटक्या छापील अक्षरात आलेल्या अंदाजावर पुढे कोणी शंका घेत नाही, हीच खरी अडचण आहे.

संक्षेपही आम्ही उलगडत नाही. डोळ्यांच्या चिठ्ठीत "ओडी" म्हणजे उजवा डोळा! इन्सुलिनच्या 10 आकड्यापुढचा "यू" शून्यासारखा दिसला, तर 10 युनिटचे 100 होतात; तिथेही खूण येते. नुसतं ".5" असेल तर ".5"च राहतं, टिंबाआधी शून्य आम्ही जोडत नाही.

खूण दिसली की दवाखान्यात फोन करा. विचारताना "फोल्व्हाइटच ना?" असं विचारू नका, घाईत "हो" येतं. "पहिल्या ओळीत कोणतं औषध आहे आणि कधी घ्यायचं?" असं विचारा. शक्यतो डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच स्पष्ट लिहून घ्या. ती दुरुस्ती आम्ही तारखेसह वेगळ्या ओळीत देतो, मूळ वाचन खोडत नाही.

फोटो पाठवत असाल तर कागद सपाट ठेवून उजेडात, चारही कडा येतील असा काढा. स्कॅन अ‍ॅपचा काळा-पांढरा पर्याय टाळा, त्यात फिकट दशांश टिंब गायब होतं. औषधं मात्र मूळ चिठ्ठीवरच घ्या. आमची प्रत केमिस्टसाठी नाही.