ॲसिड बॅटरी की लिथियम : साठवलेल्या एका युनिटचा खरा खर्च

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इन्व्हर्टर किंवा सोलरसाठी बॅटरी घेण्यास आमच्या कोल्हापूरच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक दोन किमती शेजारी ठेवून पाहतात. दीडशे ॲम्पिअर-अवरची ट्यूब्युलर ॲसिड बॅटरी साधारण पंधरा हजारांना आणि शंभर ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी साधारण चोवीस हजारांना मिळत असेल, तर ॲसिड बॅटरी स्वस्त आणि शिवाय मोठी, असा निष्कर्ष लगेच निघतो. परंतु बॅटरी विकत घेताना आपण डबा विकत घेत नसून, तिच्या आयुष्यभरात तिच्यातून काढता येणारी वीज विकत घेत असतो. त्या विजेचा दर युनिट खर्च कसा काढावा, हे या पत्रकात एका उदाहरणासह मांडले आहे. येथील किमती आणि आयुष्याचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. आपण त्यांच्या जागी प्रत्यक्ष कोटेशनमधील आणि कंपनीच्या तांत्रिक पत्रकातील आकडे घालावेत.

प्रथम साठवणूक पाहू. बारा व्होल्टची दीडशे ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे 12 × 150 = 1,800 वॅट-अवर, अर्थात 1.8 युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज 12.8 असतो, म्हणून शंभर ॲम्पिअर-अवरची बॅटरी 1.28 युनिटची होते. मात्र यातले सगळेच युनिट रोज काढायचे नसतात. बॅटरी किती टक्के रिकामी करायची, यालाच तांत्रिक पत्रकात डीओडी म्हणतात, आणि हा आकडा जितका मोठा, तितक्या कमी वेळा बॅटरी भरता आणि रिकामी करता येते. एकदा भरून एकदा रिकामी करणे ही एक सायकल. तेव्हा हिशेबाचे सूत्र असे होते :

दर युनिट खर्च = बॅटरीची निव्वळ किंमत ÷ (एकूण साठवण × डीओडी × सायकलींची संख्या)

निव्वळ किंमत हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. जुन्या ॲसिड बॅटरीतील शिशाला मोडीत चांगला भाव येतो आणि नवीन बॅटरी घेताना तो बिलातून वजा होतो. जुन्या लिथियम बॅटरीला आज तसा भाव मिळत नाही. काही विक्रेते लिथियमची बाजू मांडताना ही वजावट सोडून देतात, ते आम्हाला योग्य वाटत नाही. आमच्या उदाहरणात मोडीचे तीन हजार वजा करून ॲसिड बॅटरीची निव्वळ किंमत बारा हजार धरू.

आता आकडे घालून पाहू. ॲसिड बॅटरी रोज निम्मी रिकामी केली आणि ती 1,500 सायकली चालली, तर तिच्यातून 1.8 × 0.5 × 1,500 = 1,350 युनिट निघतात आणि एका युनिटला 8.90 रुपये पडतात. लिथियम बॅटरी रोज ऐंशी टक्के रिकामी केली आणि ती 3,000 सायकली चालली, तर 1.28 × 0.8 × 3,000 म्हणजे सुमारे 3,070 युनिट निघतात आणि एका युनिटला 7.80 रुपये पडतात. वय वाढेल तशी दोन्ही बॅटऱ्यांची साठवण घटत जाते, परंतु ती वजावट दोन्हीकडे जवळपास सारखीच येत असल्याने येथे घेतलेली नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ॲसिड बॅटरी कमी रिकामी केली की ती जास्त वर्षे टिकते, हे खरे आहे. परंतु त्यामुळे युनिट फारसे स्वस्त होत नाही. याच बॅटरीचे तांत्रिक पत्रक 80 टक्के डीओडीला 900, 50 टक्क्यांना 1,500 आणि 30 टक्क्यांना 2,400 सायकली सांगत असेल, तर गुणाकार करून पाहावा : तिन्ही ठिकाणी आयुष्यभराची एकूण वीज तेराशे युनिटांच्या आसपासच येते. बॅटरी हळूहळू वापरली किंवा भरभर वापरली, तरी आतील प्लेटा साधारण तेवढेच काम करून थकतात. त्यातही 2,400 सायकली रोज एक याप्रमाणे साडेसहा वर्षांत पूर्ण होतात, आणि तोपर्यंत बॅटरी केवळ वयानेच उतरलेली असते. म्हणून कमी रिकामी करायची या एकाच हेतूने दुप्पट बॅटऱ्या घेण्याचा सल्ला आम्ही देत नाही.

दुसरी बाब चार्जिंगमधील तुटीची. ॲसिड बॅटरीतून एक युनिट काढण्यासाठी तिच्यात साधारण सव्वा युनिट भरावे लागते; उरलेले उष्णतेत आणि पाण्यातून वायू होण्यात जाते. लिथियमला त्यासाठी सुमारे 1.08 युनिट पुरते. विजेचा दर आठ रुपये धरला, तर ॲसिडच्या प्रत्येक युनिटवर आणखी दोन रुपये आणि लिथियमच्या प्रत्येक युनिटवर साठ पैसे चढतात. म्हणजे रोजच्या वापरात खरी तुलना 10.90 रुपये विरुद्ध 8.40 रुपये अशी होते.

करवीर तालुक्यातील एखाद्या दूध संकलन केंद्राचे उदाहरण घेऊ. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास संकलन चालते. फॅट मशीन, वजनकाटा, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि दिवे मिळून बॅटरीवर सुमारे 250 वॅटचा भार येतो. चार तासांचे एक युनिट झाले, आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस म्हैस दूध देते म्हणून सुट्टीही नाही. वरील दोन्हींपैकी कोणतीही एक बॅटरी हे काम करू शकते. लिथियम बॅटरी आठ वर्षांत सुमारे 3,000 युनिट देईल आणि त्यासाठी चोवीस हजार लागतील. तेवढ्याच विजेसाठी ॲसिड बॅटरी साधारण पावणेचार वर्षांनी बदलावी लागेल आणि निव्वळ खर्च सुमारे 26,700 रुपये होईल. फरक 2,700 रुपयांचाच दिसतो. पण त्याच काळात ॲसिड बॅटरी चार्ज करताना सुमारे पाचशे युनिट जास्त वाया जातात, आणि त्यांचे आजच्या दराने चार हजारांहून अधिक होतात. चार्जिंग सोलरवर असेल तर हे पैसे बिलात दिसत नाहीत, मात्र तेवढ्यासाठी पॅनेल मोठे घ्यावे लागते.

सोलरवर चालणाऱ्या केंद्रासाठी आमच्या मते आणखी महत्त्वाचा मुद्दा पावसाळ्याचा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे अनेक दिवस ऊन पडतच नाही आणि बॅटरी आठवडाभर अर्धवट भरलेली राहते. ॲसिड बॅटरीला ही स्थिती मानवत नाही. प्लेटांवर शिसे-सल्फेटचे कठीण थर बसतात आणि ते नंतर पूर्ण चार्जिंगनेही सुटत नाहीत. भार काढून काही तास विसावलेली, पूर्ण भरलेली ॲसिड बॅटरी मीटरवर 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते, निम्मी असताना सुमारे 12.2. रात्रभर चार्ज करून आणि विसावा देऊनही 12.4 च्या वर जात नसेल किंवा हायड्रोमीटर एका खान्यात बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी दाखवत असेल, तर थर बसले आहेत असे समजावे. असे होऊन बॅटरी अडीच वर्षांत गेली, तर तिच्यातून नऊशे युनिटच निघतात आणि चार्जिंगची तूट न धरताही एका युनिटला तेरा रुपये पडतात. म्हणून सोलरवर ॲसिड बॅटरी ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ती लाइटवर पूर्ण भरावी. लिथियम बॅटरी अर्धवट भरलेली राहिल्याने बिघडत नाही.

आता याच्या उलट बाजू. घरी किंवा दुकानात बॅटरी केवळ लाइट गेल्यावर वापरली जात असेल आणि वर्षात सुमारे साठ वेळाच ती खरोखर रिकामी होत असेल, तर सायकली संपण्याआधी वय संपते. ॲसिड बॅटरीचे पाच वर्षे आणि लिथियमचे दहा वर्षे धरू. पाच वर्षांत तीनशेच सायकली होणार असतील, तर ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची हा नियम पाळण्याचे कारण उरत नाही. 80 टक्के रिकामी केली तरी 900 ची मर्यादा दूर असते. तेव्हा 1.8 × 0.8 × 300 = 432 युनिट निघतात आणि चार्जिंगची तूट धरून एका युनिटला सुमारे 30 रुपये पडतात. लिथियम दहा वर्षांत सहाशे सायकलींतून सुमारे 614 युनिट देते आणि एका युनिटला सुमारे 40 रुपये पडतात. अशा ग्राहकाला आम्ही ॲसिड बॅटरीच घेण्यास सांगतो. खोल रिकामी केल्यावर मात्र ती त्याच दिवशी चार्जिंगला लागली पाहिजे, आणि भार बेताचा असला पाहिजे, कारण लेबलवरील दीडशे ॲम्पिअर-अवर दहा किंवा वीस तासांत हळूहळू काढलेल्या विजेचे असतात. दोन तासांतच बॅटरी संपवणारा भार टाकला, तर तिच्यातून बरीच कमी वीज मिळते.

या आकड्यांवरून पारडे कोठे फिरते, तेही काढता येते. वर्षाला सुमारे 220 सायकलींपर्यंत ॲसिड बॅटरीचे युनिट स्वस्त पडते आणि त्यापुढे लिथियमचे. म्हणजे आठवड्यातून चार ते पाच दिवस बॅटरी खरोखर रिकामी होत असेल, तरच लिथियमचा विचार केवळ खर्चाच्या कारणासाठी करावा. किमती बदलल्या की ही सीमाही सरकते.

हिशेबाबाहेरच्या दोन गोष्टी खर्च बिघडवू शकतात. ॲसिड बॅटरीची साठवण आणि आयुष्य आपल्याकडे 27 अंश सेल्सिअसला सांगितले जाते, आणि ठोकताळा असा की त्यावर दर दहा अंशांनी आयुष्य जवळपास निम्मे होते. पत्र्याच्या खोलीत, थेट उन्हाच्या भिंतीला लावलेल्या बॅटरीसाठी 1,500 हा आकडा धरू नये. उष्णतेने लिथियमही लवकर उतरते, फक्त पाणी टाकण्याची कटकट तिच्यात नसते. दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. काही जुने इन्व्हर्टर ॲसिड बॅटरीचे खाने समान करण्यासाठी अधूनमधून 15 व्होल्टच्या वर चार्जिंग देतात. चार सेलच्या लिथियम बॅटरीची कमाल मर्यादा 14.6 व्होल्ट आहे. त्यापुढे आतील संरक्षक सर्किट बॅटरी तोडते आणि ग्राहकाला बॅटरी अचानक बंद पडल्यासारखी वाटते. मिक्सर किंवा मोटर सुरू होताना येणाऱ्या मोठ्या करंटनेही हेच होते. लिथियम किती भरली आहे, हे व्होल्टेजवरून कळत नाही, कारण बराच काळ ती 13.2 च्या आसपासच राहते. त्यासाठी आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा मीटर लागतो. इन्व्हर्टरमध्ये लिथियमचे सेटिंग नसेल, तर तो बदलण्याचा खर्च बॅटरीच्या किमतीत धरूनच वरील सूत्र वापरावे.

चौकशीला येताना मागील वर्षाची लाइट बिले, इन्व्हर्टरच्या लेबलचा फोटो आणि बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांची वॅटसह यादी आणावी. वर्षातून किती दिवस बॅटरी खरोखर रिकामी होते, याचा अंदाज महिनाभर कॅलेंडरवर खूण करून घेतला, तर उत्तम. दोन्ही प्रकारांचा दर युनिट खर्च आम्ही कोटेशनवर लिहून देतो, आणि डीओडी व सायकलींचे आकडे कोणत्या तांत्रिक पत्रकातून घेतले, तेही त्याच कागदावर नमूद करतो.