लायब्निझच्या नजरेतून सुटलेले दोन अवयव

1/(1 + x²) चं संकलन, म्हणजे आपलं इंटिग्रेशन, बारावीचा विद्यार्थी झोपेतही सांगेल: टॅन इनव्हर्स x. आता त्या २ च्या जागी ४ लिहा आणि गंमत बघा. 1/(1 + x⁴) दिसायला त्याचाच धाकटा भाऊ, पण पाठ केलेलं एकही सूत्र त्याला लागू पडत नाही. छेदाचे अवयव पाडावेत म्हटलं, तर x⁴ + 1 = 0 ला एकही वास्तव उत्तर नाही. मग अवयव कुठून येणार?

इथे अडणारे आपण पहिले नव्हे. कलनशास्त्राच्या दोन जनकांपैकी एक, लायब्निझ, १७०२ साली इथेच अडला. कोणत्याही अपूर्णांकी राशीचं संकलन लॉगॅरिथम आणि टॅन इनव्हर्स एवढ्यांतच बसेल का, असा प्रश्न त्याच्यासमोर होता. त्यासाठी छेदाचे एकघाती किंवा द्विघाती वास्तव अवयव मिळायला हवेत. x⁴ + a⁴ चे तसे अवयव पडतच नाहीत, असं त्याने छापून टाकलं. म्हणजे या संकलनासाठी काही तरी नवंच फलन लागणार, असा त्याचा निष्कर्ष झाला.

त्याचं कुठे चुकलं ते a = 1 घेऊन पाहू. त्याने आधी (x² + i)(x² − i) असे दोन भाग केले. पुढे प्रत्येकाचे आणखी दोन केले आणि त्यांत √i, म्हणजे वर्गमुळाचंही वर्गमूळ, आलं. असल्या चार राशींतल्या कुठल्याही दोन गुणल्या तरी वास्तव राशी मिळणार नाही, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात √i ही काही अजब वस्तू नाही, ती (1 + i)/√2 एवढीच आहे. x⁴ + 1 ची चार मुळं एकक वर्तुळावर ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर बसलेली असतात. ४५ ची जोडी समोरच्या २२५ शी लावली, तर x² − i मिळतं, म्हणजे लायब्निझचाच रस्ता. तीच जोडी आरशातल्या प्रतिमेशी, म्हणजे ३१५ शी लावली, तर i नाहीसा होतो आणि x² − √2x + 1 उरतं. जोड्या बदलायचा अवकाश होता.

मला याहून नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. जवळपास पाव शतक आधी याच लायब्निझने √(1 + √−3) + √(1 − √−3) = √6 हे सूत्र शोधून हॉयगेन्सला कळवलं होतं. काल्पनिक राशींची बेरीज वास्तव येऊ शकते, हे त्याला ठाऊक होतं! तीच कृती √i + √−i वर केली असती तर √2 आला असता, आणि आपल्याला हवा असलेला √2 नेमका तोच.

ही चूक १७१९ साली निकोलस बर्नोली (पहिला) याने दाखवून दिली. इंग्लंडमध्ये रॉजर कोट्सला या अवयवांचं व्यापक सूत्रच सापडलं होतं, पण तो १७१६ मध्ये अवघ्या ३३ व्या वर्षी वारला आणि त्याचं काम १७२२ मध्ये छापलं गेलं.

आता अवयव पाडू. त्यासाठी संमिश्र संख्याही लागत नाहीत, शाळेतलं a² − b² पुरतं. x⁴ + 1 मध्ये 2x² मिळवायचे आणि लगेच वजा करायचे:

x⁴ + 1 = (x² + 1)² − 2x² = (x² + √2x + 1)(x² − √2x + 1)

एवढंच. यातल्या कुठल्याच राशीला वास्तव मूळ नाही, म्हणून पुढे तोडता येत नाही, आणि तशी गरजही नाही.

पुढची पायरी पार्शल फ्रॅक्शनची. दोन अपूर्णांकांच्या अंशांत Ax + B आणि Cx + D लिहून चार समीकरणं सोडवत बसायची प्रथा आहे. मी ती कधीच पाळत नाही. x च्या जागी −x घातला तर 1/(1 + x⁴) बदलत नाही, पण छेदातल्या दोन राशी आपसांत जागा बदलतात. म्हणून C = −A आणि D = B असलंच पाहिजे. x = 0 ठेवलं की 2B = 1, म्हणजे B = 1/2. गुणाकारात x² चा सहगुणक 1 − 2√2A येतो आणि तो शून्य हवा, म्हणून A = 1/(2√2). झालं:

1/(1 + x⁴) = (1/(2√2)) · [ (x + √2)/(x² + √2x + 1) − (x − √2)/(x² − √2x + 1) ]

आता पहिला अपूर्णांक घ्या. छेदाचं विकलन 2x + √2 आहे, म्हणून अंशाचे (2x + √2)/2 आणि √2/2 असे दोन तुकडे करायचे. पहिल्याचा लॉग होतो. दुसऱ्यासाठी छेदाचा पूर्ण वर्ग करायचा, (x + 1/√2)² + 1/2, आणि त्यातून tan⁻¹(√2x + 1) बाहेर पडतो. दुसरा अपूर्णांकही असाच. सगळं एकत्र केलं की:

F(x) = (1/(4√2)) ln[ (x² + √2x + 1)/(x² − √2x + 1) ] + (1/(2√2)) [ tan⁻¹(√2x + 1) + tan⁻¹(√2x − 1) ]

x = 1 ठेवून पडताळू. टॅन इनव्हर्सच्या कंसात √2 + 1 आणि √2 − 1 येतात. हे कोन अनुक्रमे ६७.५ आणि २२.५ अंश, बेरीज बरोबर काटकोन. F(0) शून्य असल्याने ० ते १ मधलं क्षेत्रफळ ०.३११६ + ०.५५५४, म्हणजे सुमारे ०.८६७० येतं. वक्राची उंची या टप्प्यात १ वरून अर्ध्यावर उतरते, तेव्हा उत्तर पटण्यासारखं आहे. पुढे अनंतापर्यंत गेलं तरी एकूण π/(2√2), म्हणजे सुमारे १.११०७ एवढंच भरतं.

खरा खड्डा पुढे आहे, आणि मी स्वतः त्यात पडलोय. दोन टॅन इनव्हर्स सुटसुटीत दिसावेत म्हणून बेरजेचं सूत्र लावून त्यांचा एकच करण्याचा मोह होतो: tan⁻¹( √2x/(1 − x²) ). विकलन करून पाहिलं तर तेही बरोबर येतं. आता ० ते २ चं क्षेत्रफळ काढा. लॉगचा भाग ०.२२६७, टॅन इनव्हर्सचा −०.२६७३, बेरीज −०.०४०६. जे फलन कुठेच ऋण नाही, त्याचं क्षेत्रफळ ऋण!

घोळ x = 1 पाशी होतो. तिथे 1 − x² शून्य होऊन कोन ९० अंशांवर पोचतो, आणि पुढे वाढण्याऐवजी टॅन इनव्हर्स एकदम उणे ९० वर उडी मारतो. विकलनाला ही उडी दिसत नाही, कारण उडीच्या दोन्ही बाजूंना उतार बरोबरच असतो. उडी π ची, तिला 1/(2√2) ने गुणलं की १.११०७. तेवढं परत मिळवलं की १.०७०१, आणि हेच खरं उत्तर. दोन वेगळे टॅन इनव्हर्स ठेवले, तर प्रत्येक जण सगळ्या संख्यारेषेवर अखंड असतो आणि हा प्रश्नच येत नाही. अंश-छेदाला x² ने भागून x − 1/x ही नवी चलराशी घ्यायची जी चलाख युक्ती क्लासमध्ये शिकवतात, तिलाही हाच रोग आहे. तिची उडी फक्त x = 0 पाशी पडते, म्हणून −१ ते १ असं संकलन करताना ती गोत्यात आणते.