बंद झाकणाखालची हवा: जहाजावरच्या बंदिस्त जागांच्या नियमांची पार्श्वभूमी

23 सप्टेंबर 2007. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रातल्या एका गॅसक्षेत्राजवळ 'व्हायकिंग आयले' हे बचाव जहाज पहाऱ्यावर होतं. पुढच्या भागात, नांगराची साखळी जिथे गुंडाळून ठेवतात त्या चेन लॉकरमध्ये साखळी खडखडत होती. ती बांधून टाकायला दोन खलाशी गेले. एक आत उतरला आणि कोसळला. दुसऱ्याने वर खबर दिली, पण मदत येईपर्यंत त्याला राहवलं नाही, तोही उतरला आणि पडला. तिसऱ्याने श्वसनयंत्र चढवलं, तर पाठीवरच्या सिलिंडरसकट तो झाकणातून आत जाईना. मग त्याने सुटकेसाठी असलेला छोटा श्वसनसंच घातला आणि उतरला. त्या संचाचा डोक्यावरचा हूड त्याने आत स्वतः काढला की तो निसटला, कोण जाणे. तिघेही गेले.

आत विषारी वायू नव्हता. होता तो गंज. ओलं लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं, आणि बंद खोलीत नवी हवा येत नसली की ऑक्सिजन घटतच जातो. बाहेरच्या हवेत तो सुमारे 21 टक्के असतो. 10 टक्क्यांच्या आसपास माणूस शुद्ध हरपतो आणि त्याहून खाली काही श्वासांतच. यातली खरी फसवणूक शरीराची आहे. जीव गुदमरतोय ही जाणीव मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. त्यामुळे उतरणाऱ्याला वास येत नाही, दमही लागत नाही. पाय लटपटतात तेव्हा शिडी चढण्याचं बळ उरलेलं नसतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, गडी घसरून पडला.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1997 मध्येच बंदिस्त जागेत शिरण्याच्या शिफारशी काढल्या होत्या. पण त्या शिफारशीच होत्या. सप्टेंबर 2007 ते जून 2008 या काळात ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाकडे अशा तीन घटना आल्या आणि त्यांत सहा जण दगावले. 'व्हायकिंग आयले' त्यातली पहिली. विभागाने 2008 मध्ये तातडीची सूचना काढली. पुढे 2011 मध्ये शिफारशी सुधारल्या गेल्या. समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार 1 जानेवारी 2015 पासून दर दोन महिन्यांनी बंदिस्त जागेत शिरण्याचा आणि बचावाचा सराव सक्तीचा झाला. 1 जुलै 2016 पासून हवा तपासणारं हाती धरायचं यंत्रही जहाजावर असणं बंधनकारक झालं. म्हणजे पहिल्या शिफारशीनंतर मीटर सक्तीचा व्हायला जवळपास वीस वर्षं लागली. मला हा उशीर अक्षम्य वाटतो.

दरम्यान 2014 च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या गूल बंदरात 'सुंटिस' या मालवाहू जहाजावर पुन्हा तिघे गेले. माल होता कापलेलं लाकूड. लाकूडही ऑक्सिजन शोषतं. तपासात मुख्य डेकच्या पातळीवर हवा नेहमीसारखी निघाली, पण होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, उतरायच्या शिडीच्या तळाशी ऑक्सिजन 5 ते 6 टक्के होता. झाकणाजवळ मीटर धरून 'सब ठीक' म्हणणं किती घातक, ते इथे दिसतं. म्हणून आधी भरपूर वायुवीजन करायचं, मग बाहेरूनच नळी किंवा दोर सोडून वर, मध्ये आणि तळाशी असं तिन्ही ठिकाणी मोजायचं. आत माणूस असेपर्यंत दाराशी एक जण हलायचा नाही. आतला पडला तर दाराशी असलेल्याने आत जायचं नाही, फक्त अलार्म द्यायचा. तो सुटकेचा छोटा संच धूर किंवा वायूतून बाहेर पळण्यापुरता असतो, कुणाला आणायला आत जाण्यासाठी नसतो.

कागदावर हे सोपं आहे. पण बंदर सुटलं, पुढच्या मालासाठी होल्ड धुवायचाय, सारंग आणि त्याची माणसं रात्रभर नांगर-दोरखंडाच्या कामात जागलेली, अशा वेळी आत शिरण्याच्या परमिटचा फॉर्म आधी भरला जातो आणि मीटर नंतर आठवतो. सागरी कामगार करारानुसार 24 तासांत किमान 10 तास विश्रांती हवी, तीही फार तर दोन तुकड्यांत आणि त्यातला एक किमान सहा तासांचा. रत्नागिरी, रायगडातली कितीतरी मुलं आज परदेशी जहाजांवर आहेत. त्यांनी घरी फोनवर 'झोप झाली नाही' म्हटलं, तर तो नुसता तक्रारीचा सूर समजू नये. उद्या सकाळी त्यांना कोणत्या झाकणाखाली उतरायचंय, तेही विचारावं.