राहून गेलेलं कारण आणि चुकीचं कारण: व्हायव्हाचं शब्दांकन तपासताना

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या जवळ असल्यामुळे कोल्हापूरच्या मेकॅनिकलच्या व्हायव्हात रायझरचा, म्हणजे ओतकामाच्या साच्यात कास्टिंगला जोडून ठेवलेल्या वितळलेल्या धातूच्या, रसाच्या, जादा साठ्याचा प्रश्न सहज येतो. समजा, दोन विद्यार्थ्यांच्या व्हायव्हाच्या ध्वनिमुद्रणावरून टंकलेल्या शब्दांकनात हेच वाक्य आहे: ‘‘रायझर कास्टिंगपेक्षा मोठा ठेवायचा सर, म्हणजे तो शेवटी थिजतो आणि आकसणाऱ्या कास्टिंगला रस पुरवतो.’’

रायझर शेवटी थिजायला हवा, तो रस पुरवतो, हे दोन्ही बरोबर. अडचण ‘मोठा’ या शब्दात आहे. थिजण्याचा वेळ आकारमान भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतो, नुसत्या आकारमानावर नाही. विद्यार्थ्याला हे ठाऊक असून बोलताना राहिलं असेल, तर ती उणीव. ‘जास्त रस म्हणजे उशिरा थिजणार’ असंच तो मानत असेल, तर ती चूक. वाक्यावरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून इथे लगेच गुण कापू नयेत. पुढचा प्रश्न आणि त्याचं उत्तर वाचावं.

परीक्षकाने विचारलं: ‘‘40×40×2 सेंमीची प्लेट आणि 10 सेंमी बाजूचा घनाकृती रायझर. आधी काय थिजेल?’’ प्लेटमध्ये 3200 घन सेंमी रस, रायझरमध्ये 1000. तरी प्लेटचं गुणोत्तर सुमारे 0.91 आणि रायझरचं 1.67, म्हणजे रायझरला प्लेटच्या साधारण 3.4 पट वेळ लागतो. (दोघांचा जोडलेला भाग इथे धरलेला नाही. एवढ्या प्लेटला एक रायझर पुरेल का, हा प्रश्न वेगळा.)

पहिला म्हणाला, ‘‘प्लेट सर, पातळ आहे, उष्णता बाहेर पडायला जागा जास्त.’’ सूत्र आलं नाही, पण कारण आलं. आधीच्या वाक्यात उणीव होती, एवढीच नोंद करावी. दुसरा म्हणाला, ‘‘रायझर, तो लहान आहे ना.’’ आता पहिल्या वाक्यातला ‘मोठा’ कुठून आला ते कळतं. तर्काचे गुण इथे जातात. मात्र ‘रायझर रस पुरवतो’ हे अचूक विधान त्याच्या खात्यात राहतंच. एका चुकीसाठी सगळं उत्तर खोडणं अन्याय आहे.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे सूचक प्रश्न. ‘‘पृष्ठफळ जास्त म्हणून प्लेट आधी थिजते ना?’’ ‘‘हो सर.’’ यात कारण परीक्षकाचं आहे. तपासताना विद्यार्थ्याची वाक्यं वेगळ्या रंगाने अधोरेखित करावीत आणि कारण आधी कुणाच्या तोंडून निघालं ते पाहावं. पुढे ते त्याने नव्या उदाहरणाला स्वतःहून लावलं, तरच ते त्याचं.

शब्दांकनातच घोटाळा असेल, म्हणजे ‘रायझर’च्या जागी ‘रनर’ पडलं असेल, तर त्या ओळीपुरतं ध्वनिमुद्रण ऐकावं. नाहीतर टंकणाऱ्याची चूक विद्यार्थ्याच्या नावावर जमा होते.