बॅटरी गेली की पिन?

बंद पडलेला फोन चार्जरला लावला, पाच मिनिटांत पडद्यावर काही दिसलं नाही, की 'बॅटरी गेली' असा निकाल लागतो. तो घाईचा असतो. 3.4 व्होल्टच्या आसपास फोन स्वतःला बंद करतो. तसाच महिनोन्‌महिने पडून राहिला तर बॅटरी 3 व्होल्टच्याही खाली उतरते. अशा बॅटरीत एकदम करंट सोडणं धोक्याचं, म्हणून चार्जिंगची चिप आधी थेंबथेंब भरते. तेवढ्यावर पडदा उजळत नाही, म्हणून अर्धा तास थांबायचं.

पण थेंब तरी जातोय का, हे कसं कळणार? इथे टाइप-सी पोर्टची गंमत कामी येते. दोन्ही टोकं सी असलेल्या केबलमध्ये चार्जर आधीपासून वीज सोडून ठेवत नाही. पलीकडे फोन जोडलाय का, हे तो सीसी नावाच्या पिनेवरून ओळखतो; तिच्यावर फोनचा 5.1 किलोओहमचा रोध सापडला, तरच तो 5 व्होल्ट सोडतो. हा रोध बॅटरी पार मेलेली असली तरी चार्जरला दिसतो. म्हणजे वीजच सुटत नसेल, तर दोष बॅटरीच्या माथी मारता येत नाही. पोर्टातल्या पातळ जिभेवर अशा सीसी पिना दोन असतात, एक वर, एक खाली. केबलमधून मात्र सीसीची तार एकच येते. त्यामुळे प्लग उलटा खोचला की पोर्टातली दुसरी पिन वापरली जाते. एकाच बाजूने चार्ज होणारा फोन पिनेचाच रोगी.

समजा, कपाटात राहिलेला फोन आहे. चार्जर आणि फोनच्या मध्ये व्होल्ट-अँपिअर दाखवणारा सी-टू-सी यूएसबी मीटर लावला, तर त्याचा पडदाही पेटत नाही. प्लग उलटा केला: 5 व्होल्ट, 0.08 अँपिअर. पंचवीस मिनिटांनी आकडा 1 अँपिअरच्या वर उडी घेतो आणि बॅटरीचं चिन्ह येतं. म्हणजे बॅटरी जिवंत आहे, बिघाड पोर्टात आहे. पोर्टात टॉर्च मारली तर तळाशी खिशातला कापूस दाबून बसलेला दिसतो. तो असला की प्लग पूर्ण आत जात नाही. लाकडी टूथपिकने, फोन बंद ठेवून, कडेकडेने तो उकरायचा. टाचणी नको, जीभ खरवडली जाते.

बॅटरीचा दोष वेगळा वागतो: करंट नीट येतो, कंपनीचा लोगो झळकतो, पुन्हा अंधार, पुन्हा लोगो. आतला रोध वाढलेली बॅटरी फोन सुरू होतानाचा झटका सोसत नाही, व्होल्टेज कोसळतं. वायरलेस चार्जिंग असेल तर पोर्ट वगळून तपासता येतं: तिथे भरला, तर बॅटरी ठीक.

दोन्ही बाजूंनी साफ पोर्टातही मीटर अंधारात, केबल आणि चार्जर बदलूनही तेच, तर पोर्टचा सोल्डरचा टाका सुटलेला असू शकतो किंवा बोर्ड गेलेला. तो फरक फोन उघडल्याशिवाय कळत नाही. मागचं झाकण फुगून वर आलं असेल तर मात्र यातलं काहीच करायचं नाही, चार्जर काढून ठेवायचा.